पाटीवरचं 'मर्यादित' पाहून सहकारी समजू नका

सोयाबीनचे पैसे अडकले की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सोसायटीनं बुडवलं." मग माणूस सहायक निबंधकाच्या कार्यालयात अर्ज घेऊन जातो आणि तिथे कळतं की ती सोसायटीच नाही, कंपनी आहे. अर्ज परत. यात महिना जातो.

गोंधळ 'मर्यादित' या शब्दाने होतो. गावची सेवा सहकारी संस्था 'मर्यादित' असते आणि शेतकरी उत्पादक कंपनीच्या पाटीवरही 'मर्यादित'च लिहितात. त्याचा अर्थ एवढाच, की सभासदाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरती आहे. ती संस्था सहकारी आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

"एक सभासद, एक मत" यावरूनही ओळखू नका. शेतकरी सभासद असलेल्या उत्पादक कंपनीतही एकालाच एक मत असतं. भागधारक, संचालक, वार्षिक सभा, हे सगळं दोन्हीकडे आहे. फरक आहे तो नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली याचा.

आता पावती हातात घ्या. कंपनीला आपल्या बिलावर आणि लेटरहेडवर सीआयएन छापावाच लागतो. तो २१ अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला बहुतेक U, मग धंद्याचे पाच अंक, मग MH म्हणजे महाराष्ट्र, मग नोंदणीचं वर्ष, तीन अक्षरं आणि शेवटी सहा अंक. असा नंबर दिसला की ती कंपनी. mca.gov.in वर View Company/LLP Master Data मध्ये तो टाका, फुकटात माहिती निघते. नाव इंग्रजीत असतं, म्हणून नावापेक्षा नंबरानेच शोधा. पत्त्यात जिल्हा वाशिम आहे ना तेही बघा, नाहीतर नाशिकचं मालेगाव निघायचं. शेवटची वार्षिक सभा आणि ताळेबंद कोणत्या तारखेचा, तेही तिथेच दिसतं. Active लिहिलंय म्हणजे पैसे सुरक्षित, असं मात्र नाही. नोंदणी चालू आहे, एवढंच.

सहकारी संस्थेला सीआयएन नसतो. तिचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालचा असतो. तो तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे पडताळा. मल्टिस्टेट असेल तर तिचा कायदा वेगळा, २००२ चा, आणि निबंधक केंद्राचा.

माझं मत स्पष्ट आहे. कंपनी वाईट आणि सहकार चांगला, असं काही नाही. पण ज्या पावतीवर सीआयएनही नाही आणि सहकारी नोंदणी क्रमांकही नाही, त्या पावतीवर माल टाकू नका. नंबर विचारण्यात लाज कसली? काटा होण्याआधी विचारा. माल गेल्यावर तो नंबर कोणी देत नसते, बापा.