मंजुरीचे ईमेल आणि खात्यावरील नाव

सोलापूरच्या एका कापड व्यापारी कुटुंबातील धाकट्या बंधूंचे निधन झाल्यानंतर विमा कंपनीच्या दावा अधिकाऱ्याचे ईमेल आले. ‘आपला मृत्यू दावा मंजूर झाला आहे’ हे पहिले वाक्य वाचून थोरल्या दीरांनी देणेकऱ्याला पुढच्या आठवड्याचा वायदा दिला. ईमेलचा उरलेला भाग कोणी वाचलाच नाही, आणि महत्त्वाचे सारे तेथेच होते.

पहिली गोष्ट रकमेची. विमा 10 लाखांचा, संचित बोनस 6 लाख 40 हजार. परंतु मयताने याच पॉलिसीवर 2 लाखांचे कर्ज घेतले होते. व्याजासह 2 लाख 18 हजार 500 वजा होऊन देय रक्कम 14 लाख 21 हजार 500 राहिली. त्या कर्जाची कुटुंबाला कल्पनाच नव्हती. कंपनीने हिशेबाचा तक्ता जोडला होता, हे योग्यच. तो जोडला नसेल तर मागून घ्यावा.

दुसरी गोष्ट खात्याची. ‘बँक खात्याची पडताळणी पूर्ण झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा होईल’ असे ईमेलमध्ये होते. म्हणजे दिवस मंजुरीपासून मोजायचे नव्हते. दीरांच्या मते पेढीच्या चालू खात्याचा क्रमांक देणे सोयीचे होते. पण पॉलिसीवर नामनिर्देशन पत्नीचे होते. कंपनी रक्कम तिच्याच नावावरील खात्यात भरते, पेढीच्या खात्यात नव्हे. तिचे एकमेव खाते पतीबरोबर संयुक्त होते आणि त्यात पहिले नाव पतीचे. अशा खात्याचा रद्द केलेला धनादेश पडताळणीत अडकतो. शेवटी तिच्या एकटीच्या नावाने बचत खाते उघडावे लागले. आधार, पॅन आणि पासबुक या तिन्हींवर नाव सारखेच असल्याची खात्री केल्यावर काम पुढे सरकले. व्यापारी घरांत स्त्रीचे स्वतंत्र खाते नसणे आजही विरळ नाही, याचे आश्चर्य वाटते.

चौकशीची गरज नसलेला मृत्यू दावा सूचना मिळाल्यापासून 15 दिवसांत आणि चौकशी लागल्यास 45 दिवसांत निकाली काढावा, असा विमा नियामकाचा 2024 चा दंडक आहे. कंपनीकडून विलंब झाल्यास बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज द्यावे लागते. मात्र खात्याचे कागद घरूनच उशिरा गेले, तर त्या दिवसांचे व्याज मागणे कठीण.

पैसे जमा झाल्यावर यूटीआर क्रमांक येतो. तो मंजुरीच्या ईमेलबरोबर जपून ठेवावा, कारण पुढे विवरणपत्राच्या वेळी एवढी मोठी रक्कम कोठून आली हे दाखवावे लागू शकते. मंजूर रक्कम सोडवण्यासाठी ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारा फोन मात्र कंपनीचा नसतो. या कुटुंबालाही असा एक फोन आला. सुनेने तो दावा अधिकाऱ्याच्या कार्यालयात कळवला आणि पलीकडच्या माणसाला एक पैसाही दिला नाही.