कांद्याचे पैसे आणि सोन्याची सहा वर्षे

2013 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कांद्याच्या भावाने देशभर ओरड झाली आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत चाळीतला उन्हाळ कांदा सोन्यासारखा विकला गेला. खरे सोनेही त्याच दिवसांत शिखरावर होते. 28 ऑगस्टला वायदे बाजारात दहा ग्रॅमचा भाव 35,000 रुपयांच्या वर टेकला. जगात सोने दोन वर्षांपासून उतरत होते. इथे मात्र डॉलर 68 रुपयांपलीकडे गेला होता आणि आयात शुल्क नुकतेच 10 टक्के झाले होते, म्हणून भाव चढलेला दिसत होता.

समजा, निफाड तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने त्या आठवड्यात कांद्याचे साडेतीन लाख रुपये दहा तोळ्यांत घातले. पुढच्याच मार्चमध्ये गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. 2015 च्या ऑगस्टपर्यंत सोने 25,000 च्या खाली आले. बागेसाठी तेव्हा त्याने सोने मोडले असते, तर हाती जेमतेम अडीच लाख आले असते. दागिने असतील तर घडणावळ वेगळी बुडाली.

शिखरापासून तळापर्यंतची ही घसरण साधारण 30 टक्क्यांची. ती भरून काढायला 30 टक्के वाढ पुरत नाही. साडेतीनाचे अडीच झाले की पुन्हा साडेतीन व्हायला 40 टक्के वाढ लागते. 35,000 चा भाव परत दिसला तो 2019 च्या जुलैत, तोही अर्थसंकल्पात शुल्क पुन्हा वाढल्यावर. दोन वर्षे उतार, चार वर्षे चढ.

ऑगस्ट 2020 मधली 56,000 वरची उडीही अशीच फसवी ठरली. मार्च 2021 पर्यंत भाव 44,000 च्या आसपास आला आणि शिखर परत गाठायला जानेवारी 2023 उजाडले.

डॉलरमधला इतिहास याहून भयंकर आहे. जानेवारी 1980 मध्ये औंसाला 850 डॉलर, 1999 मध्ये सुमारे 253. तब्बल 70 टक्के घट, आणि 850 पुन्हा दिसले 2008 मध्ये. या काळात आपल्याकडे डॉलर आठ रुपयांवरून 43 वर गेला, म्हणून रुपयांत हा घाव जाणवला नाही. 'सोने कधी पडत नाही' हा घराघरांतला समज बराचसा रुपयाच्या पडझडीवर पोसला आहे. पण 2013 नंतर रुपया तुलनेने स्थिर राहिला, तेव्हा ही ढाल पुरी पडली नाही.

म्हणून जोखीम पेलते का, हे ठरवताना टक्क्यांपेक्षा तारखा पाहाव्यात. छाटणी, औषधे, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज यांतला जो खर्च सहा वर्षांच्या आत येणार आहे, त्याचे पैसे शिखराच्या बातम्या वाचून सराफाकडे नेऊ नका.