किमा वाटणारा मिक्सर की फक्त रस काढणारा?

गेल्या रमजानात आमच्याकडे शामी कबाबचा बेत होता. अर्धा किलो किमा दीड वाटी चणाडाळीबरोबर शिजवून कोरडा केला आणि घाईत सगळाच्या सगळा चटणीच्या छोट्या जारमध्ये दाबला. मिक्सरने दोनदा घुंऽऽ केले, जळका वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. अम्मी एवढेच म्हणाल्या, "बेटा, पाटा कधी जळला नव्हता." नवीन घेताना मात्र आम्ही खोक्यावरच्या चित्रांना भुललो नाही.

पहिला प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला: घरातले सर्वांत जड काम कोणते? मोसंबीचा रस, लस्सी, ओली चटणी एवढेच असेल तर 500 वॅटचा ज्यूसर-मिक्सर पुरतो. सुक्या मिरच्या, हळकुंड, भिजवलेली डाळ, शिजवलेला किमा हे नेहमीचे असेल तर 750 वॅटच्या खाली जाऊ नये. चिकट आणि कोरडे मिश्रण पात्याला धरून ठेवते, मोटर अडते आणि तापते. आमच्या पिंगळीसारख्या गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरतो. तेव्हा मोटरचा जोर आणखी घटतो, म्हणून थोडा जोर हाताशी राखलेला बरा. जास्त वॅटने बिल वाढेल ही भीती फार नको. 750 वॅटचा मिक्सर रोज वीस मिनिटे चालला तरी महिन्याला साडेसात युनिट होतात.

बऱ्याच खोक्यांवर '30 मिनिटे' लिहिलेले असते. त्याचा अर्थ सलग अर्धा तास नव्हे. पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबवायचे, असे मिळून ते होते. मिक्सर मध्येच बंद पडला तर आधी तळाशी लाल बटण शोधा. जास्त भार आला की ते स्वतःच तुटते. थोडे गार होऊ द्या, जार अर्धा रिकामा करा आणि मग ते दाबा. वारंवार तुटत असेल तर ते मशीन तुमच्या कामाला लहान पडते आहे. आम्ही आता किमा तीन वेळा करून वाटतो आणि बटण थांबून थांबून फिरवतो.

दुसरी गोष्ट जार. मसाल्याला स्टीलचाच हवा आणि त्यावर '304' छापलेले पाहा. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, पण त्यावर विसंबू नका. हलक्या 202 जातीलाही चुंबक सहसा चिकटत नाही. पत्रा जाड आहे का, आणि जार उलटा करून बोटाने पाते फिरवले तर ते लचकते का, हे बघा. पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा जार रसाला छान, आतले दिसते. पण लवंगेच्या तेलाने त्याला बारीक चिरा पडतात. म्हणून त्यात गरम मसाला वाटू नका. गरम शोरबाही कुठल्याच जारमध्ये झाकण घट्ट लावून फिरवू नका, वाफेने झाकण उडते.

तिसरी गोष्ट दुरुस्ती, आणि इथेच गावच्या लोकांची फसगत होते. 1963 च्या सुमारास मुंबईच्या माथूर यांनी 'सुमीत' काढला, कारण परदेशी मिक्सर आपल्या डाळीपुढे टिकत नव्हता. पुढे 'सुमीत' म्हणजेच मिक्सर झाला. आज मात्र ते नाव बाजारात पूर्वीसारखे दिसत नाही. नाव कितीही मोठे असो, सुटे भाग मिळतात का हेच विचारायचे.

आम्ही खरेदीआधी परभणीत मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो आणि विचारले, "भाई, कोणत्या कंपनीचा कपलर, बुश आणि कार्बन ब्रश तुमच्याकडे आता, या घडीला आहे?" त्याने ज्याचे तिन्ही भाग काढून समोर ठेवले, तेच मशीन आम्ही घेतले. मोठ्या अक्षरात छापलेली पाच वर्षांची हमी बहुधा फक्त मोटरची असते. कपलर, बुश, वॉशर तिच्यात येत नाहीत, आणि आधी झिजतात तेच.

मोटर फिरते पण पाते फिरत नाही, तर कपलर झिजला. जारच्या तळातून काळपट पाणी गळते, तर बुश गेला. हवेच्या फटीतून ठिणग्या जास्त दिसू लागल्या, तर कार्बन ब्रश बदलायची वेळ झाली. ही तिन्ही कामे स्वस्तातली. जळका वास येऊन मोटर गेली, तर मात्र खर्च मोठा.

आमच्या घरी या रमजानात शामी कबाब झाले. अम्मी मशीनशेजारी उभ्या राहून प्रत्येक फेरीला म्हणत होत्या, "अर्धाच भर."