चोवीस स्लाइड घरी ठेवा, एक टिपण खिशात ठेवा



कॉलेजात शिकलेली आपली पोरं हल्ली बोलणीची तयारी लॅपटॉपवर करतात. चोवीस स्लाइड, जगाच्या बाजाराचे आलेख, फुटलेल्या बोंडांचे फोटो. सभेला जोर यायला हे चांगलं आहे. पण साहेबांच्या टेबलावर पंधरा मिनिटं मिळतात, आणि त्यांनी 'बोला, किती?' विचारलं की स्लाइड उलटायला वेळ नसतो. तिथं एका पानाचं टिपण लागतं. त्यात तीनच गोष्टी असाव्यात. आमची मागणी काय, ती न मिळाल्यास कुठपर्यंत खाली येऊ, आणि त्यामागचा आकडा कोणता.

समजा, कळमनुरी किंवा सेनगावकडचे शेतकरी सीसीआयच्या कापूस खरेदीबद्दल बोलायला निघाले. पहिलं काम आकड्याचं. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, मध्यम धाग्याचा 7,710. कोणत्या धाग्याचा, कोणत्या हंगामाचा हे शेजारी लिहिलं नाही तर समोरचा त्यातच आपल्याला अडकवतो. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव. त्यावर दर टक्क्याला भावातून एक टक्का कपात. बारा टक्क्यांच्या वर गाडी परत. म्हणजे लांब धाग्यावर एक टक्का ओलावा क्विंटलला 81 रुपये 10 पैसे खातो.

आता आपल्या दारचा हिशोब. अकरा टक्के ओलाव्याचा कापूस केंद्रावर नेला तर तीन टक्के कपात होऊन 7,866 रुपये 70 पैसे पडतात. गाडीभाडं क्विंटलला 150 रुपये धरलं तर हातात 7,716 रुपये 70 पैसे. खेडा खरेदीवाला दारात 7,200 देतो असं धरा. फरक 516 रुपये 70 पैशांचा. वीस क्विंटलला दहा हजार तीनशे चौतीस. हा आकडा टिपणाच्या माथ्यावर लिहा. बोलणी फिसकटली तर आपलं काय जातं, ते तोच सांगतो. भाडं आणि व्यापाऱ्याचा भाव मात्र आपल्या गावचा, त्याच आठवड्याचा घाला.

मग मागणी. स्लाइडवर 'शेतकऱ्यांची अडवणूक थांबवा' असं असतं. त्याला साहेब 'बघतो' म्हणतात आणि आपण चहा पिऊन परत येतो. टिपणात लिहायचं असं: बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर गाडी परत पाठवू नका, त्या शेतकऱ्याचा नंबर तीन दिवस राखा आणि कापूस वाळवून आणू द्या. माघारीची पायरी: तीन नाही तर दोन दिवस. शेवटची पायरी: गाडीच्या वरचा आणि मधला असे दोन नमुने मोजा, सरासरी धरा, आणि आकडा पावतीवर लिहा. पावतीवर आकडा नसेल तर आम्ही उठतो. नमुना कुठून घेतला यावरच एखादा टक्का इकडचा तिकडं होतो, म्हणून ती पायरी सोडायची नाही.

आणखी एक रकाना हवा: हे कोणाच्या हातात आहे? हमीभाव जिल्हाधिकारी ठरवत नाहीत, तो दिल्लीत ठरतो. ती मागणी हिंगोलीच्या टेबलावर ठेवली की पंधरा मिनिटं तिथंच संपली. जिल्हाधिकारी सीसीआयला पत्र लिहू शकतात. त्यांच्याकडून तेवढंच, पण तारखेसह मागा.

कागद दोन करा. साहेबांना द्यायच्या कागदावर फक्त मागण्या आणि आकडे. माघारीच्या पायऱ्या आपल्या खिशातल्या कागदावर. दोन्ही एकच करून जो टेबलावर ठेवतो, त्याची बोलणी शेवटच्या पायरीपासूनच सुरू होते.

आणि त्या पायऱ्या गावात आधी मंजूर करून घ्या. 1 जून 2017 ला सुरू झालेला शेतकरी संप आठवा. 3 जूनच्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्र्यांशी बोलून काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. बाकीच्यांनी ते मानलं नाही, संप चालूच राहिला आणि फूट जगाला दिसली. माझ्या मते चूक रात्रीच्या बोलणीत नव्हती. कशावर उठायचं आणि कशावर थांबायचं, हे निघण्याआधी सगळ्यांचं मिळून लिहिलेलं नव्हतं, चूक तिथं होती.

टिपण जमलं की नाही, याची परीक्षा सोपी आहे. स्लाइड कधी न पाहिलेल्या माणसाच्या हाती ते द्या. दोन मिनिटांत त्याला पहिली मागणी, शेवटची पायरी आणि तो 516 चा आकडा सांगता आला तर त्याला बोलणीला न्या. नाही आला तर टिपण पुन्हा लिहा.