ओ.टी. पिवळी झाली, म्हणून पाणी पिण्यायोग्य झालं का?

मंडळी, पावसाळा लागला की आपल्या वॉर्डाच्या ग्रुपवर एक फोटो ठरलेला असतो. नळाच्या पाण्याने भरलेली काचेची छोटी नळी, आतलं पाणी पिवळसर, आणि खाली ओळ: "आज ओ.टी. टेस्ट घेतली. क्लोरीन व्यवस्थित. पाणी पिण्यास योग्य." त्याखाली पन्नास अंगठे. फोटो टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्यात वाद नाही.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. "पिण्यास योग्य" हा शेरा मी स्वतःच्या हाताने हजारो वेळा लिहिलाय. ओ.टी. पिवळी झाली म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय, एवढं खरं. पण तेवढ्यावरून "योग्य" लिहायला आज माझा हात धजणार नाही. का, ते सांगतो.

कॉलरा, टायफॉइड, ई-कोलाय हे जीवाणू क्लोरीनपुढे टिकत नाहीत. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ई-कोलाय मिनिटाच्या आत संपतो. पण पाण्यातून पोटात जाणारे आणखी दोन जीव आहेत, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम. हे जीवाणू नव्हेत, एकपेशीय परजीवी आहेत. माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून बाहेर पडताना ते स्वतःभोवती जाड कवच घेऊन पडतात. त्याला सिस्ट म्हणतात. या कवचात ते थंड, ओलसर जागी आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने तग धरतात.

आता हिशेब बघा. पाणी स्वच्छ आणि कोमट आहे, क्लोरीन लिटरला एक मिलिग्रॅम आहे, असं धरू. जिआर्डियाच्या सिस्ट मारायला साधारण ४५ मिनिटं लागतात. पाणी थंड किंवा गढूळ असेल तर आणखी जास्त. आणि क्रिप्टोस्पोरिडियमला? साधारण १५,३०० मिनिटं. म्हणजे साडेदहा दिवस! आपल्या नळाला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे असा दंडक आहे. तेवढ्यावर हाच हिशेब ५३ दिवसांवर जातो. टाकीतून सुटलेलं पाणी आपल्या हंड्यात काही तासांत येतं. थोडक्यात, टीसीएल पावडर कितीही प्रामाणिकपणे टाका, क्रिप्टोस्पोरिडियमला तिचा काही फरक पडत नाही.

हे पुस्तकी ज्ञान नाही. एका अख्ख्या शहराने याची किंमत मोजलीय.

अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचं शहर आहे. १९९३ च्या मार्चमध्ये तिथे बर्फ वितळला, पाऊस झाला आणि सरोवराचं पाणी गढूळलं. शहराला दोन जलशुद्धीकरण केंद्रं होती. त्यातल्या दक्षिणेकडच्या केंद्रात गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा २३ मार्चच्या सुमारास वाढायला लागला. गढूळपणा मोजतात एनटीयू या एककात. एरवी तिथे हा आकडा पाव एनटीयूच्या आसपास असायचा. २८ आणि ३० मार्चला तो १.७ वर गेला. त्याआधी काही महिन्यांपूर्वी केंद्राने तुरटी बदलून दुसरं रसायन वापरायला घेतलं होतं आणि गढूळ पाण्यात त्याचा डोस नेमका किती, हे जमत नव्हतं. पुन्हा तुरटीवर आले, तरी आकडा लगेच खाली आला नाही.

क्लोरीन व्यवस्थित होतं. कोलिफॉर्म जीवाणूंची तपासणी स्वच्छ होती. त्या वेळच्या नियमांत पाणी बसत होतं. म्हणजे आपल्या भाषेत, ओ.टी. पिवळी होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात औषधांच्या दुकानांतून जुलाबाची औषधं संपायला लागली. शाळांमध्ये, दवाखान्यांमध्ये बरेच लोक कामावर नाहीत अशी गत. रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले तर नेहमीच्या जीवाणूंपैकी काहीच सापडेना, कारण क्रिप्टोस्पोरिडियम त्या नेहमीच्या तपासणीत दिसतच नाही. त्यासाठी वेगळा रंग देऊन काचपट्टी बघावी लागते आणि तसं कोणी मुद्दाम सांगितलं तरच प्रयोगशाळा बघते. शेवटी ७ एप्रिलला सात रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडला आणि त्याच संध्याकाळी महापौरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं. दोन दिवसांनी ते केंद्र बंद केलं. तोवर परिसरातल्या सुमारे सोळा लाख लोकांपैकी अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले होते. पुढच्या दोन वर्षांत पन्नासहून अधिक मृत्यू या आजाराशी जोडले गेले. त्यातले बहुतेक एड्सचे रुग्ण होते, म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच संपलेली.

नंतर शोध घ्यायचा, तर ते पाणी कधीच पिऊन संपलेलं. तपास करणाऱ्यांनी डोकं चालवलं. त्याच पाण्यापासून २५ मार्चला आणि ९ एप्रिलला बनवलेल्या बर्फाच्या लाद्या शिल्लक होत्या. त्या वितळवून तपासल्या. २५ मार्चच्या बर्फात दर शंभर लिटरमागे जास्तीत जास्त तेराच्या आसपास सिस्ट सापडल्या. गोठण्या-वितळण्यात बऱ्याच सिस्ट नष्ट होतात, त्यामुळे खरा आकडा यापेक्षा मोठा असणार. तरी बघा, शंभर लिटरमागे तेरा.

आता हाच आकडा घेऊन तपासणीकडे वळू. गावात एच-टू-एसची छोटी बाटली भरतात, पाणी काळं पडलं तर अयोग्य. प्रयोगशाळेत शंभर मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म बघतात. दोन्ही तपासण्या जीवाणूंच्या आहेत आणि त्या कामाला त्या चांगल्याच आहेत. पण जीवाणू क्लोरीनने मेलेले असतात आणि सिस्ट जिवंत असतात. त्यामुळे "कोलिफॉर्म नाही" यावरून "सिस्ट नाही" असं म्हणता येत नाही.

सिस्टची खरी तपासणी वेगळी आहे. किमान दहा लिटर पाणी बारीक गाळणीतून काढायचं. गाळणीवर अडकलेलं धुऊन घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसवायचं. मग सिस्टला चिकटणारी प्रतिपिंडं लावलेले चुंबकीय मणी टाकून सिस्ट वेगळ्या ओढायच्या. शेवटी चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायची. खर्चिक काम आहे, आणि बघणाऱ्याची नजर तयार लागते.

एवढं करूनही, शंभर लिटरला तेरा सिस्ट असलेल्या पाण्यातून दहा लिटर घेतलं तर त्यात सरासरी एखादीच सिस्ट येणार. धुताना, फिरवताना निम्म्या हरवल्या, तर अहवाल "आढळल्या नाहीत" असा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. शिवाय सापडलेली सिस्ट जिवंत होती की मेलेली, हे ही तपासणी खात्रीने सांगत नाही. आणि निकाल हाती येईपर्यंत पाणी पिऊन झालेलं असतं.

आपल्या भारतीय मानकात, आय.एस. १०५०० मध्ये, दहा लिटर पाण्यात जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम नसावेत असं स्पष्ट लिहिलंय. नियम आहे. पण माझ्या नोकरीच्या काळात आमच्या टेबलावर ही तपासणी एकदाही आली नाही. कोणी मागितली नाही, आणि आम्हीही "मागा" असं सांगितलं नाही. ही माझीही चूक, ती मान्य करतो.

मग रोज बघायचं काय? मिलवॉकीने जे रोज मोजलं पण मनावर घेतलं नाही, तेच. गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा. सिस्ट चार ते बारा मायक्रॉनच्या असतात. तुरटीने गाळ नीट धरला, निवळला आणि वाळूच्या थराने अडवला, तर त्या गाळाबरोबर अडकतात. सिस्ट अडवते ती गाळणी, क्लोरीन नाही. आणि गाळणी काम करते की नाही, हे गढूळपणाचं मीटर काही मिनिटांत सांगतं. या साथीनंतर अमेरिकेने नियम कडक केले. मोठ्या केंद्रांत ९५ टक्के मोजण्या ०.३ एनटीयूच्या आत हव्यात, आणि एकाच्या वर कधीच नको. आपलं मानक म्हणतं एक, आणि दुसरा स्रोत नसेल तर पाचपर्यंत चालेल. मिलवॉकी आजारी पडलं ते १.७ वर. आपल्याकडे तो आकडा "चालेल" या रकान्यात बसतो!

म्हणून माझं म्हणणं असं. पुढच्या वॉर्डसभेत "क्लोरीन किती?" एवढंच विचारून थांबू नका. तीन गोष्टी विचारा. प्रत्येक गाळणीच्या पाण्याचा गढूळपणा किती, दिवसातून किती वेळा मोजता, आणि ती वही आम्हाला दिसेल का? नदीला लाल पाणी आलं की तुरटीचा डोस रोज जार टेस्ट करून ठरवता, की गेल्या वर्षीचाच आकडा चालवता? आणि गाळणी उलटं पाणी सोडून धुतल्यावर सुरुवातीचं पाणी गटारात सोडता, की थेट टाकीत? धुतल्यानंतरची पहिली काही मिनिटं गाळणी सर्वात जास्त गळते, म्हणून हा प्रश्न.

टीसीएल बंद करा असं मी म्हणत नाहीये, उगाच तसा अर्थ काढू नका. क्लोरीन नसेल तर कॉलरा येईल. आणि गाळणी कितीही चांगली असली तरी पुढे फुटक्या पाइपातून, शेजारच्या गटारातून सिस्ट आत येऊ शकते. पाणी दिवसाआड येतं, मधल्या वेळात पाइप रिकामा असतो, तेव्हा हेच होतं. त्यामुळे गळती हा फक्त पाणी वाया जाण्याचा प्रश्न नाही.

घरी काय करायचं, हे बऱ्याच जणी इनबॉक्समध्ये विचारतात. फडक्याने गाळून सिस्ट अडत नाही, क्लोरीनच्या थेंबांनी क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही. पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती मिनिटभर टिकली की दोन्ही मरतात. घरात लहान बाळ, केमोथेरपी चालू असलेलं माणूस किंवा एचआयव्हीचा रुग्ण असेल तर पावसाळ्यात उकळूनच द्या. आणि जुलाब आठवड्याहून जास्त रेंगाळले, रक्त नाही, नेहमीच्या अँटिबायोटिकने फरक नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियमसाठी शौच तपासायचं का?" मिलवॉकीला कळलं ते कुणीतरी हे तपासायला सांगितलं म्हणूनच.

ओ.टी.चा फोटो टाकणाऱ्या पोरांनो, फोटो टाकत राहा. फक्त पुढच्या वेळी त्याच्या शेजारी केंद्रातल्या गढूळपणाच्या वहीचं त्या दिवसाचं पान पण टाका. पान मिळालं नाही, तर "मिळालं नाही" असं लिहा.