गॅस आला, पण धूर गेला का?

1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली. तेव्हापासून आपण बातम्या देतो त्या कनेक्शन किती वाटले याच्या. स्वयंपाकघरातला धूर किती कमी झाला हे कुणी विचारत नाही. म्हणून आज एक छोटी गोष्ट सांगतो.

मराठवाड्यातली एक आजी. घरात चूल, जळणाला पळाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. पहाटे पाच वाजता अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटायची ती भाकरी होईपर्यंत चालू. आयुष्यात बिडी ओढली नाही, तरी दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, हा चुलीचा धूर आहे.

शिकणाऱ्या नातीने गॅस आणला. दोन महिन्यांनी सुट्टीत आली तर सिलिंडर जवळपास भरलेलाच. गॅसवर फक्त चहा होत होता.

"आजे, गॅस का वापरीना तू?"

"भाकर कडक होती गं त्याच्यावर. आन् टाकी संपली की एकदम पैसे कुठून आणायचे? पळाटी तर रानातली हाय."

नात भांडली नाही. तिने आधी धूर कशाचा जास्त होतो ते बघितलं. सगळ्यात जास्त वेळ चूल जळायची ती पाणी तापवायला. ती चूल तिने घराबाहेर, अंगणाच्या कडेला मांडली. मग पातळ तवा काढून जाड बिडाचा तवा आणला, कारण गॅसची आच मधोमध लागते आणि पातळ तव्यावर भाकरी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते. जाड तवा आच सगळीकडे पसरवतो. शेवटची फुगवणी जाळीवर. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "जमंल."

राहिला पैसा. 14.2 किलोच्या टाकीऐवजी 5 किलोची घेतली. एका वेळी कमी रक्कम लागते, मजुरीच्या पैशात बसते.

आता माझं म्हणणं. अनुदान खात्यात येतं, पण नंतर. टाकीचे पूर्ण पैसे आधी द्यावे लागतात, आणि गरिबाचं घोडं तिथेच अडतं. आणि अर्धा स्वयंपाक गॅसवर, अर्धा चुलीवर, तर आजारही अर्धा होत नाही. फुफ्फुसाला थोडा धूरही पुरतो. चूल घरातून पूर्ण बाहेर गेली तरच फरक पडतो.

म्हणून अनुदान टाकी घेतानाच किमतीतून वजा करा. लहान टाकी गावातल्या दुकानात मिळू द्या. आणि पुढच्या ग्रामसभेत कनेक्शनचा आकडा कुणी वाचला, तर उभं राहून एवढंच विचारा: वर्षभरात दुसरी टाकी किती घरांनी घेतली? खरा हिशोब तिथेच कळेल.