चार आणि पाचाचा गुणाकार

मंडळी, या वीकेंडला थोडं टेस्टिंगवर भांडायचं आहे. हॉस्पिटल बिलिंगचा कुठलाही प्रोजेक्ट घ्या, सुरुवातीला एक एक्सेल शीट फिरते. डावीकडे मॉड्यूल्स, पुढे दोन रकाने: बिघडण्याची शक्यता १ ते ५, बिघडलं तर फटका १ ते ५. दोन्ही आकडे गुणायचे आणि मोठा गुणाकार आधी टेस्ट करायचा. दिसायला एकदम शास्त्रीय. माझं म्हणणं आहे की हा गुणाकारच आपल्याला फसवतो.

समजा, वसई-विरारमधल्या एखाद्या नर्सिंग होमचं बिलिंग आहे. मॅनेजमेंट रिपोर्ट दर आठवड्याला बदलतो, म्हणून शक्यता ५. फटका १, कारण रकाना हलला तर फार तर कुणीतरी चिडेल. गुणाकार ५. आता खोलीभाड्यावरचा जीएसटी घ्या. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला ५००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के कर लागतो, पण आयसीयू, एनआयसीयू त्यातून वगळलेत. तो कोड तेव्हापासून कुणी हात न लावलेला, म्हणून शक्यता १. फटका ४. गुणाकार ४. म्हणजे रिपोर्ट आधी, कर नंतर! आणि 'नंतर' म्हणजे रिलीजच्या आदल्या रात्री, वेळ उरला तर.

आता तिथे नवीन एनआयसीयू सुरू झालं आणि मास्टरमध्ये त्याचा प्रकार 'साधी खोली' राहून गेला. भाडं ९००० रुपये. रोजचे ४५० रुपये कर, आठ दिवसांचे ३६०० रुपये. कोड तोच आहे, बदललाय तो डेटा. म्हणजे शक्यता १ देतानाच चूक झाली. वर सॉफ्टवेअर क्रॅश होत नाही, बेरीज जुळते, बिल छान छापून येतं. बाळाला घेऊन घरी निघालेला बाप कराची ओळ तपासत बसेल का?

इथे तिसरा प्रश्न येतो, जो शीटमध्ये नसतोच: चूक कुणाच्या लक्षात येईल? गाड्यांच्या कारखान्यातल्या एफएमईएमध्ये तो पूर्वीपासून आहे. तिथेही आधी तीन आकडे गुणायचे. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने तो गुणाकार काढून टाकला आणि गांभीर्य आधी बघणारा तक्ता आणला. आपण मात्र अजून गुणतोय.

मग करायचं काय? फटका ४ किंवा ५ असेल ते मॉड्यूल दर रिलीजला टेस्ट करायचंच, गुणाकार काहीही येवो. शक्यता ठरवताना कोडबरोबर मास्टरमधले बदलही मोजायचे. आणि फटक्याचा आकडा डेव्हलपरने नाही, बिलिंग काउंटरवर बसणाऱ्याने द्यायचा. पेशंटचे नातेवाईक त्याच्याशी भांडतात, आपल्याशी नाही. वरच्या उदाहरणाला तीन केसेस पुरतात: बरोबर ५००० ची खोली, कर शून्य. ५००१ ची खोली, कर पूर्ण रकमेवर. ९००० चं एनआयसीयू, कर शून्य. तिसरी केस मात्र टेस्ट सर्व्हरवरच्या बनावट वॉर्डवर नको, हॉस्पिटलच्या खऱ्या मास्टरच्या कॉपीवर चालवा.

वेळ नाही म्हणता? रिपोर्टचा रकाना पुढच्या आठवड्यात सरळ करा की!